जांगड माल आणि कमिशनवाल्या ताई

स्वारगेटच्या चौकात सकाळी नऊच्या सुमारास उभे राहिलात, तर हातात डबा आणि खांद्याला पर्स अडकवून घाईघाईने बस बदलणाऱ्या शेकडो बायका दिसतील. कात्रज, धनकवडी, सातारा रस्त्याकडून येणाऱ्या आणि शहरात कुठेतरी कामाला जाणाऱ्या. सप्टेंबर 2024 पासून त्यात भुयारी मेट्रोची भर पडली. हाकेच्या अंतरावर मार्केट यार्डाचा भुसार बाजार आहे. त्यामुळे मुकुंदनगर, पर्वती, गुलटेकडी या पट्ट्यात घरी मसाले, भाजण्या, मेतकूट, चटण्या करणाऱ्या बाईला कच्चा माल जवळ मिळतो आणि विकणारी माणसेही रोज समोरून जातात. अडचण येते ती या दोन गोष्टींची सांगड घालताना. आपला माल कमिशनवर विकणाऱ्या ताया कशा निवडायच्या आणि त्यांच्याशी हिशोब कसा ठेवायचा, एवढ्याचबद्दल आज बोलणार आहे.

सुरुवात कमिशनपासून करू, कारण बहुतेक जणी इथेच घाई करतात. समजा, गोडा मसाल्याचे 200 ग्रॅमचे पाकीट तुम्ही 160 रुपयांना विकता. धणे, खोबरे, तीळ, दगडफूल, मिरची, तेल धरून साहित्याचे 62 रुपये. गॅस, दळण, पाकीट आणि लेबल 14. भाजण्या-कुटण्याची मजुरी 20. ही मजुरी स्वतःचीच असली तरी धरायचीच. ती न धरता काढलेला नफा हा नफा नव्हे, ती तुमचीच फुकट गेलेली मेहनत. झाले 96 रुपये. चवीचे नमुने, पिशव्या, ने-आण यांचे आठ. आता 20 टक्के कमिशन म्हणजे 32 रुपये. हाती राहिले 24.

विकणारी म्हणते, ताई, तीस टक्के द्या, मग बघा कसा माल उठतो! तीस टक्के म्हणजे 48. हाती उरतात आठ रुपये. मग एक पाकीट खवट होऊन परत आले, की त्याचे 96 रुपये भरून काढायला बारा पाकिटांचा नफा जातो. वीस टक्क्यांत तेच नुकसान चार पाकिटांत भरून निघते. तेव्हा कमिशन किती, हा प्रश्न शेजारणीला विचारायचा नाही, तो आपल्या पाकिटाला विचारायचा. शेंगदाण्याच्या चटणीत जागा कमी असेल, तर तिला पंधरा टक्के आणि मसाल्याला वीस, असे वेगवेगळे ठेवायलाही हरकत नाही. सुरुवातीला मात्र एकच दर बरा, वही सोपी राहते.

कमिशन ठरले, की लगेच दुसरी गोष्ट ठरवायची. विकणारीकडे पाकीट 160 ला आणि तुमच्या दारात 140 ला, असे कधीही नको. गिऱ्हाईक हुशार असते, दोन महिन्यांत ते थेट तुमच्याकडे येते आणि जिने ते जोडले ती रिकाम्या हाताने राहते. पाकिटावर फोन नंबर तुमचाच असतो, त्यामुळे फोन तुम्हालाच येणार. आलेल्या फोनला पहिला प्रश्न, “मसाला कोणाकडून कळला?” नाव कळले की त्या विक्रीचे कमिशन तिच्या खात्यावर टाका. ती शिवणक्लासमध्ये तुमच्यासाठी तोंड उघडते, ते या भरवशावर.

आता माणसे निवडणे. आपल्याकडे पहिली विक्रेती बहुधा जाऊ नाही तर मावसबहीण असते. उत्साह असतो, पण पैसे मागायला जीभ रेटत नाही. मी सांगेन, तुमच्या गिऱ्हाइकांतच शोधा. जिने तीनदा माल नेला आणि तिसऱ्या वेळी मैत्रिणीसाठीही एक पाकीट मागितले, ती अर्धी विक्रेती झालेलीच आहे. तिला बोलवा, चहा द्या आणि विचारा, “नातेवाईक सोडून दहा जणींची नावे सांग, ज्यांना तू पहिल्या पंधरवड्यात विचारशील.” पाळणाघर चालवणारी, ब्युटी पार्लरवाली, भिशीचा हिशोब ठेवणारी, ऑफिसात डबा वाटून खाणारी यांची यादी अडखळत नाही. “बघते, सोसायटीत सगळ्यांना सांगते” असे म्हणणारीची यादी तिसऱ्या नावाला थांबते. तिला निराश करू नका, पण माल दोन-चार पाकिटांच्या पुढे देऊ नका.

नोंदणी फी घेऊन कोणाला आत घेऊ नका. “तू आणखी दोघींना आण, त्यांच्या भरतीचे पैसे तुला” हा मार्ग तर मुळीच नको. माणसे जोडण्यावर पैसे वाटणारी साखळी 1978 च्या कायद्याने बंद केलेली आहे आणि थेट विक्रीसाठी डिसेंबर 2021 मध्ये आलेल्या नियमांतही तिला मज्जाव आहे. कमिशन फक्त विकलेल्या पाकिटावर. खाद्यपदार्थाच्या नोंदणीचे म्हणाल, तर तुमचा 14 अंकी क्रमांक पाकिटावर हवाच. जी ताई घरी साठा ठेवून नियमित विकणार, तिचीही छोट्या विक्रेत्याची नोंदणी करून द्या. फॉर्म भरताना शेजारी बसलात तर ती करते, एरवी राहून जाते.

आता जांगड. पसंत पडले तर पैसे, नाही तर माल परत, या बोलीवर दिलेल्या मालाला पेठेतले व्यापारी पिढ्यानपिढ्या जांगड म्हणतात आणि त्याची वही वेगळी ठेवतात. नव्या ताईला हीच पद्धत सोयीची, कारण तिच्याकडे गुंतवायला पैसे नसतात. पण मुदत लिहिल्याशिवाय जांगड देऊ नये. 1930 च्या माल विक्री कायद्यातही परतीच्या बोलीवरचा माल ठरल्या मुदतीत परत केला नाही किंवा नको म्हणून कळवले नाही, तर तो घेतला असेच धरतात. आपण कोर्टात जाणार नाही, पण तारीख लिहिलेली असली की “हो का, मला वाटलं राहू दे म्हणालात” हे संवाद टळतात.

एका ताईचे खाते उघडून बघू. एक तारखेला तिला दिली मसाल्याची 12 पाकिटे 160 ची, मेतकुटाची 8 पाकिटे 90 ची आणि चटणीची 10 पाकिटे 80 ची. एकूण माल 3,440 रुपयांचा. कार्बन घालून दोन प्रती, एक तिची, एक तुमची. पंधरा तारखेला संध्याकाळी ती घरी जाताना स्वारगेटला उतरते, तेव्हा हिशोब. विकले मसाले 9, मेतकूट 3, चटणी 8. विक्री 2,350. कमिशन 470. तुम्हाला यायचे 1,880. शिल्लक पाकिटांची किंमत 1,090, म्हणजे बेरीज जुळली.

पण तिने दिले 1,500. बाकी 380. इथे दोन शक्यता असतात आणि त्या ओळखण्याचा एकच उपाय आहे, तो म्हणजे उरलेली पाकिटे टेबलावर मांडायला सांगणे. पाकिटे बरोबर असतील आणि ती कोणाकडे किती राहिले हे नावानिशी सांगत असेल, तर तिने गिऱ्हाइकांना उधार दिले आहे. तिला शिकवा, “ताई घरचा माल आहे, त्यांना रोख लागते” असे म्हणायला. दोष तुमच्यावर ढकलला की तिची मैत्री टिकते. पण पाकिटे कमी भरली, किंवा “सगळे संपले” असे ती फोनवर म्हणाली आणि पैसे पुढच्या आठवड्यावर गेले, तर पैसे घरखर्चात गेलेत. ओरडून उपयोग नाही, बऱ्याचदा मुलाची फी किंवा औषध आड आलेले असते. जांगड तेवढ्यावर थांबवायची. बाकी फिटेपर्यंत रोखीने घेईल तेवढाच माल द्यायचा आणि पुढेही मर्यादा दीड हजारांची ठेवायची. हा नियम सगळ्यांना एकच असावा, म्हणजे कोणाला लागत नाही.

त्याच खात्यात मेतकुटाची पाच पाकिटे अडकली, तिकडे बघा. ही ताई विकते एका ऑफिसात, जिथे तरुण मुली पीजीत राहतात. मऊ भात आणि मेतकूट खाणार कोण तिथे? तीच पाकिटे बालवाडीच्या दारात उभ्या राहणाऱ्या ताईकडे गेली तर चार दिवसांत संपतील. विक्रेत्यांना आधार द्यायचा म्हणजे भाषणे द्यायची नाहीत, असा अडकलेला माल वेळेत उचलून योग्य जागी हलवायचा. त्यासाठी माझा हिशोब असा, की टिकण्याची निम्मी मुदत संपली की पाकीट परत मागवायचे. शेंगदाणा, कारळे, खोबरे यांचे तेल हवेने खवट होते. पावसाळ्यात भाजणीला जाळी धरते. विकणारीला पाकीट बाहेरून तसेच दिसते. तिने ते तसेच विकले, तर गिऱ्हाईक तुमच्याकडे तक्रार करत नाही, फक्त परत येत नाही. खराब निघालेले पाकीट मात्र वाद न घालता बदलून द्या, कमिशनही कापू नका.

इथे लिज्जतची आठवण येते. 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपयांच्या उसनवारीवर पापड सुरू केले. पुढे पीठ घरी नेऊन पापड लाटणाऱ्या भगिनी हजारोंनी वाढल्या, पण लाटणाऱ्या बाईला तिच्या लाटण्याचे पैसे मिळतात, पापड दुकानात विकला जाईल की नाही याची धास्ती तिच्या पदरी नसते. आपल्या छोट्या उद्योगातही माल न विकला जाण्याची धास्ती उद्योग चालवणारीने घ्यावी, विकणारीवर टाकू नये. ती जांगडीतून घेता येते, फक्त किती घ्यायची हे आधी ठरवून.

दिवाळीत मात्र जांगड बंद. चकलीची भाजणी आणि फराळ यांची मागणी एकदम वाढते, ताया भराभर होकार देतात आणि तुमची भट्टी तेवढीच असते. महिनाभर आधी प्रत्येकीला सांगा, ऑर्डर लिहून आणायची, निम्मी रक्कम आगाऊ आणायची आणि अमुक तारखेनंतर एकही नाव घ्यायचे नाही. तारीख उलटल्यावर आलेली ऑर्डर, कितीही गोड बोलून आली तरी, नाकारा. गेल्या वर्षी जिचा माल उशिरा गेला, तिच्या गिऱ्हाइकांनी तिला काय ऐकवले हे तुम्हाला कळत नाही, तिला कळते.

आणि एखादी सोडून जाणार असेल, नोकरी बदलली, घरात म्हातारे माणूस आजारी पडले, तर तिचा शेवटचा हिशोब आठवड्याच्या आत करा. उरलेली पाकिटे मोजून घ्या, देणे असेल ते रोख द्या आणि तिच्या जुन्या गिऱ्हाइकांचे फोन आले तर पुढचे दोन महिने तिचे कमिशन तिला पोचवा. बरेचदा हीच बाई वर्षभराने पुन्हा फोन करते, किंवा आपल्या जागी दुसरी पाठवते, आणि ती दुसरी दहा नावांची यादी तोंडपाठ घेऊनच येते.