हिरवा ठिपका, तपकिरी त्रिकोण आणि दुकानाचा फलक
(खासबाग येथे दुकानदार, विणकर व शिक्षक यांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या हाती असलेल्या कुंद्याच्या डब्याच्या एका कोपऱ्यात एक लहान चौकट आहे आणि तिच्या आत हिरवा ठिपका आहे. तो शाकाहाराची खूण होय. मांसाहारी पदार्थांवर पूर्वी अशाच चौकटीत असाच ठिपका छापला जाई. फरक एवढाच की, तो तपकिरी असे. या शतकाच्या आरंभी ही पद्धत देशभर रूढ झाली. निरक्षर गिऱ्हाइकाला आणि कोणत्याही भाषेच्या माणसाला वेष्टनावरील एक गोष्ट तत्काळ कळावी, हा हेतू निःसंशय चांगला होता. परंतु त्यात एक उणीव राहून गेली होती, आणि ती दूर होण्यास सुमारे दोन दशके लागली. आजच्या विषयाचे सारे मर्म त्या उणिवेत असल्याने मी तिथूनच आरंभ करतो.

दोन्ही खुणांचा आकार एक, चौकट एक, मोजमाप एक. त्यांत भेद करणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे रंग. आता रंगांधत्व असलेल्या माणसाची स्थिती पाहा. रंगांध म्हणजे ज्याला जग काळेपांढरे दिसते असा माणूस, ही समजूत बहुतांशी चुकीची आहे. आपल्या नेत्रपटलावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यांपैकी तांबड्याकडे झुकणारी किंवा हिरव्याकडे झुकणारी पेशी सदोष असली, की तांबडा, हिरवा, तपकिरी आणि नारिंगी हे रंग एकमेकांत मिसळू लागतात. निळा व पिवळा मात्र अशा माणसाला उत्तम कळतात. हा दोष बहुधा जन्मजात असतो आणि मातेच्या बाजूने मुलाकडे येतो. म्हणून तो पुरुषांत पुष्कळ अधिक आढळतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत बारांत एक असे त्याचे प्रमाण सांगतात. आपल्याकडील पाहण्यांत ते सामान्यतः याहून कमी भरते, तरी मुलांच्या मोठ्या वर्गात एखादा असा विद्यार्थी निघणे मुळीच नवलाचे नाही. शिक्षकबंधूंनी हे ध्यानी ठेवावे. झाडाचे खोड हिरवे आणि पाने तपकिरी रंगविणारा मुलगा खोडकर असेलच असे नाही.

अशा माणसाला हिरवा ठिपका आणि तपकिरी ठिपका जवळजवळ एकच दिसतो. त्यातून ठिपका तीन-चार मिलिमीटरांचा असेल, तर निर्दोष डोळ्यालाही त्याचा रंग चटकन ठरविता येत नाही, कारण रंगाचे क्षेत्र जितके लहान, तितकी रंगाची ओळख कठीण. म्हणजे ज्या शाकाहारी माणसासाठी खूण निर्माण केली, त्यालाच ती दगा देई.

सन २०२० च्या नियमांनी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने हा दोष दूर केला. शाकाहाराचा हिरवा ठिपका तसाच ठेवला आणि मांसाहाराच्या चौकटीत ठिपक्याऐवजी भरीव तपकिरी त्रिकोण आणला. रंग कोणताही दिसो, गोल आणि त्रिकोण यांत कोणी गफलत करीत नाही. जुनी खूण पुसून सर्वस्वी नवी खूण रूढ करण्याचा खटाटोप टाळला, हेही मला शहाणपणाचे वाटते. ज्यांना रंग कळत होता, त्यांचे काहीच बिघडले नाही. आपल्या नोटांवरही हीच युक्ती आहे. शंभराच्या नोटेवर उठावाचा त्रिकोण आहे, तर पाचशेच्या नोटेवर वर्तुळ.

तथापि नियमाने एका प्रश्नाचे उत्तर दिले म्हणजे सर्व प्रश्न सुटले असे नव्हे. खुणेचा आकार बदलला, पण तिचे माप लहानच आहे. वेष्टनाच्या दर्शनी भागाचे क्षेत्रफळ शंभर चौरस सेंटिमीटरांपर्यंत असेल, तर ठिपक्याचा व्यास किमान तीन मिलिमीटर, आणि पाचशेपर्यंत असेल तर किमान चार मिलिमीटर असावा लागतो. पंधरा बाय वीस सेंटिमीटरांचा आपला डबा दुसऱ्या वर्गात मोडतो. आता हे माप क्षीणदृष्टीच्या माणसाला पुरते का, ते पाहू.

नेत्रवैद्य भिंतीवरील तक्त्यावरून सहा बाय सहा, सहा बाय अठरा अशी दृष्टी सांगतात. सहा बाय अठरा याचा अर्थ, निरोगी डोळ्याला जे अठरा मीटरांवरून वाचता येते, ते या डोळ्याला सहा मीटरांवर यावे लागते. चष्मा लावूनही दृष्टी याहून कमी राहिली, की तिला क्षीणदृष्टी म्हणतात. निरोगी डोळ्याला सहा मीटरांवर जेमतेम ओळखू येणारे अक्षर सुमारे पावणेनऊ मिलिमीटर उंच असते. याच हिशेबाने सहा बाय साठ दृष्टीच्या माणसाला हातभर अंतरावरही नव्हे, तर अगदी तीस सेंटिमीटरांवर डबा धरला तरी आकार ओळखण्यास सुमारे साडेचार मिलिमीटर लागतात. म्हणजे चार मिलिमीटरांचा ठिपका त्याला नुसता डाग दिसेल. परंतु नियमाने सांगितलेले माप हे किमान माप आहे. कोणी तेवढ्या डब्यावर आठ मिलिमीटरांचा ठिपका छापला, तर त्यास कोणाची हरकत नाही आणि शाईचा खर्चही वाढत नाही.

आता डब्यावरील नावाकडे वळू. आपल्या भागात लाल आणि हिरवा या जोडीचे प्रेम फार आहे. शहापूर, वडगाव, खासबाग येथील मागांवर ही जोडी शोभते, कारण तेथे काठाचा आणि अंगाचा पट्टा हातभर रुंद असतो आणि ते वाचायचे नसतात. तीच जोडी डब्यावर आणली, हिरव्या पृष्ठावर लाल बारीक अक्षरे काढली, की अनर्थ होतो. अक्षर व पृष्ठ यांच्या उजळपणातील अंतर मोजण्याचे एक आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. ते संगणकाच्या पडद्यासाठी केलेले असले, तरी छपाईचा अंदाज घेण्यास पुरते. त्यात काहीच फरक नसला तर एक, आणि काळ्यावर पांढरे असले तर एकवीस गुण मिळतात. लहान मजकुरास किमान साडेचार हवेत. झगझगीत लाल आणि गडद हिरवा या जोडीस किती मिळतात, तर जेमतेम सव्वा. तुमच्याआमच्या डोळ्याला रंगभेदामुळे अक्षर वाचता येते. ज्याला तो भेद नाही, त्याला कोरा डबा दिसतो. त्याच हिरव्यावर पांढरी अक्षरे घेतली की गुण पाचांच्या वर जातात. लालच हवा असा आग्रह असेल, तर तो काळपट करून कुंकवाऐवजी मरून घ्यावा आणि त्यावर पिवळी अक्षरे काढावीत. गुण दहा होतात. दुकानाची ओळख असलेला रंग सोडावा लागत नाही, त्याचे काम बदलावे लागते.

हे गुण मोजण्यास यंत्र नको. डब्याच्या नमुन्याचे मोबाइलवर काळेपांढरे छायाचित्र काढावे. त्यात नाव ठसठशीत उरले, तर जोडी बहुधा चालेल. या परीक्षेची एक मर्यादा मात्र जाणून घ्यावी. लाल पेशी सदोष असलेल्या माणसाला लाल रंग छायाचित्रातल्यापेक्षा पुष्कळ काळा दिसतो. म्हणून काळ्यावर लाल अक्षरे या परीक्षेत उत्तीर्ण होतात, पण त्याच्यापुढे नापास होतात. ती जोडी सरसकट वर्ज्य समजावी.

वृद्धांच्या डोळ्याची अडचण निराळी असते. वयाबरोबर डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि बाहुली आकुंचन पावते. साठीच्या माणसाच्या नेत्रपटलावर विशीतल्या तरुणाच्या मानाने सुमारे एकतृतीयांशच उजेड पोहोचतो. पिवळे भिंग निळा उजेड गिळते, म्हणून गडद निळा व काळा त्यांना सारखेच वाटतात, आणि फिकट करड्या अक्षरांत छापलेली तारीख दिसेनाशी होते. मोतीबिंदू असेल तर चकाकी हा वेगळाच शत्रू. गुळगुळीत, चमकदार कागदावर नळीदिव्याचा पट्टा पडला, की त्याखालचे सर्व पुसले जाते. पदार्थ कोणत्या दिवसापर्यंत खावा ही तारीख तरी चकाकी नसलेल्या पांढऱ्या पट्टीवर काळ्या शाईत असावी. सोनेरी शाईत उठवलेली तारीख पाहिली, की मला ती छापणाऱ्याचे कौतुक वाटत नाही.

शेवटी दुकानाचा फलक. खासबागेचा रविवारचा बाजार डोळ्यांसमोर आणा. रस्त्याच्या पलीकडून, बारा मीटरांवरून, सहा बाय अठरा दृष्टीच्या आजोबांना फलक वाचावयाचा आहे. आधीच्याच हिशेबाने त्यांना अक्षर जेमतेम ओळखण्यास पाच सेंटिमीटर उंची लागते. विनासायास वाचण्यास तिच्या दुप्पट, म्हणजे दहा. ही उंची शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंतची आहे. वरची वेलांटी, मात्रा आणि खालचा उकार यांसाठी आणखी सात-आठ सेंटिमीटर ठेवावे लागतात. २०२४ च्या कर्नाटकातील कायद्याने फलकावरील साठ टक्के जागा कन्नडला द्यावयाची आहे. तीन फूट, म्हणजे सुमारे नव्वद सेंटिमीटर उंचीच्या फलकावर उरते ती छत्तीस सेंटिमीटरांची पट्टी. त्यात मराठी नाव अठरा सेंटिमीटर घेते आणि तेवढीच जागा इंग्रजी नावाला मिळते. मालाची यादी, तीन दूरध्वनी क्रमांक आणि मालकाचे छायाचित्र यांना जागा उरत नाही, हे मी लाभच मानतो.

अक्षराच्या वळणाचाही विचार व्हावा. आपल्या गावाचेच नाव घ्या. त्यातील ‘ख’ चा पाय जोडलेला नसेल, तर दुरून तो ‘रव’ वाचला जातो. ‘ब’ च्या पोटातील रेघ फार जाड काढली तर पोट भरून येते, आणि फार बारीक काढली तर ती नाहीशी होऊन ‘व’ उरतो. असा ‘खासबाग’ चा ‘रवासवाग’ होतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांचीही तीच गत आहे. यास्तव रेघा मध्यम जाडीच्या आणि पोकळ्या मोकळ्या असणारे साधे वळण घ्यावे. अक्षरांना सावली किंवा दुहेरी किनार देऊ नये.

सहा बाय साठ दृष्टीच्या गिऱ्हाइकाला बारा मीटरांवरून वाचण्यासाठी मात्र पस्तीस सेंटिमीटरांचे अक्षर लागेल, आणि लहान दुकानाला ते शक्य नाही. त्याच्यासाठी दाराच्या चौकटीशेजारी, डोळ्यांच्या उंचीवर, एक छोटी पाटी लावावी. तो तिच्याजवळ मीटरभर अंतरावर येऊ शकतो. तेथून तीन सेंटिमीटरांचे अक्षर त्याला पुरते. पाटी काचेखाली नसावी. रंगाऱ्याला पैसे देण्यापूर्वी कागदावर खऱ्या मापात नमुना काढून घ्यावा, तो दिवसा एकदा आणि दिवेलागणीनंतर एकदा जागेवर टांगावा, आणि घरातील सर्वांत वयस्क माणसाला रस्त्यापलीकडे उभे करून वाचावयास सांगावे. नाव त्याला अगोदर सांगू नये.