शंभर डोसांची कुपी
(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



कोंबड्यांची मानमोडी म्हणजे काय, हे या सभागृहात सांगायची गरज नाही. १९२६ साली जावा आणि इंग्लंडातलं न्यूकॅसल, मग आपल्याकडे राणीखेत, हा इतिहासही सोडून देतो. मला एकच गोष्ट सांगायची आहे. या रोगाची लस घरानं घ्यायची नसते, वाडीनं घ्यायची असते.

लासोटाची कुपी शंभर डोसांची, नाहीतर त्याहून मोठी. घरातल्या कोंबड्या आठ. लस विरघळवली की दोन तासांत संपवायची, उरलेली फुकट. मग आठ कोंबड्यांसाठी कोण कुपी फोडणार? बारा घरं एका संध्याकाळी एकत्र आली, की तीच कुपी पुरते.

दिवेलागणीला कोंबड्या खुराड्यात शिरतात, उन्हंही उतरलेली असतात, तीच वेळ धरा. कुपी दवाखान्यातून बर्फाच्या थर्मासमध्ये आणा. ड्रॉपरमधून एक मिलि पाण्याचे किती थेंब पडतात, ते आधी मोजा. तीस पडले, तर शंभर डोसांना साडेतीन मिलि द्रावक पुरे. अंदाजानं पाच मिलि घातलंत, तर दीडशे थेंब होतील आणि प्रत्येक थेंबात लस कमी पडेल. एका डोळ्यात एक थेंब; ड्रॉपर उभा धरायचा, डोळ्याला टेकवायचा नाही. कोंबडीनं पापणी मिटली आणि थेंब आत गेला की सोडायची. ओघळला तर पुन्हा द्यायचा. पाण्यातून देऊ नका. परड्यातली कोंबडी दहा डबक्यांचं पाणी पिते, तुमच्या भांड्यातलं पिईलच असं नाही. शिवाय नळाच्या पाण्यातलं क्लोरीन लस मारतं.

पिल्लांना पहिला थेंब सातव्या दिवशी, आणि दर चार महिन्यांनी वाडीची फेरी. पंखाखाली टोचायची आर-टू-बी लस आठ आठवड्यांनंतर, तीही आधी लासोटा मिळालेल्यांनाच. पिल्लांना ती टोचली तर लसच त्यांना आजारी पाडते.

(मागून आवाज : "डॉक्टर, लस देऊनही आमच्या मेल्या!")

हे मला प्रत्येक गावात ऐकायला मिळतं, आणि मी ते टाळणार नाही. एका वाडीत राखणीसाठी आठवडी बाजारातून कोंबडा आणला. आला तेव्हा धडधाकट होता. पाचव्या दिवशी पिसं फुलवून कोपऱ्यात बसला. चोच उघडी ठेवून श्वास घेत होता, हगवण हिरवी. दुसऱ्या दिवशी मान पिळवटून आभाळाकडे बघू लागला. त्या घरच्या वहिनींनी आजूबाजूच्यांना सांगितलं नाही, उरलेल्या कोंबड्या टोपलीत घालून बाजारात विकल्या. त्या माउलीला मी दोष देत नाही. चार पैसे तरी सुटावेत, एवढाच तिचा हिशेब. पण रोग त्या टोपलीतून आणखी कुठे कुठे गेला असेल! मग सगळे जागे झाले. ज्या घरात कोंबड्या मरत होत्या, तिथूनच लस द्यायला सुरुवात केली, आणि त्याच हातांनी, त्याच चपलांनी बाकीच्या घरी गेले. लसीचं संरक्षण यायला साधारण दोन आठवडे लागतात. ज्यांच्या अंगात विषाणू आधीच शिरला होता, त्या मेल्या. ज्यांच्या अंगात नव्हता, त्यांच्यापर्यंत आपण तो पोचवला. नाव मात्र लसीचं खराब झालं.

साथ आली की उलटं करायचं. रोगाच्या घरापासून सर्वांत लांबचं घर आधी घ्या, तिथल्या निरोगी कोंबड्यांना थेंब द्या, मग जवळ या. रोगाच्या घरी लस देऊ नका. तिथल्या कोंबड्या बंद ठेवा. औषध नाही, प्रतिजैविकांनी विषाणू मरत नाही. मेलेल्या कोंबड्या ओढ्यात फेकू नका, कुत्र्यांना उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

("कापून खाल्ली तर?" – हशा.)

हसू नका, प्रश्न खरा आहे. शिजवल्यानं विषाणू मरतो. पण रक्त, आतडी आणि पिसं उकिरड्यावर जातात, आणि तिथे शेजारच्या कोंबड्या चरतात. शिवाय बर्ड फ्लू दिसायला असाच असतो. नुसत्या डोळ्यांनी मलाही फरक ओळखता येत नाही. म्हणून पटापट मरायला लागल्या की आधी दवाखान्यात कळवा. नमुने औंधच्या प्रयोगशाळेत जातील, गरज पडली तर भोपाळला. तोवर आजारी कोंबडी कापू नका.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. लस साठवण्याबद्दल बोलायचं होतं, ते राहिलं. फ्रिजच्या दारात ठेवू नका, एवढंच सांगतो.

शेवटचा प्रश्न समोरच्या ताईंचा, पुन्हा कोंबड्या कधी आणायच्या? शेवटची मेल्यानंतर खुराडं घासा, चुना मारा, कडक ऊन लागू द्या आणि किमान महिनाभर रिकामं ठेवा. नवीन येतील त्या दोन आठवडे वेगळ्या टोपलीखाली, आणि त्यांना थेंब शेजारणीच्या कोंबड्यांसोबत, एकाच कुपीतून.