कराचा शेवटचा रुपया आणि निवृत्तीचे वय

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत तीन पिढ्या नोकरीच्या आहेत. कुणी ए. जी. ऑफिसात, कुणी रेल्वेत, कुणी बँकेत. त्यामुळे पन्नाशी उलटली की घराघरांत दोन प्रश्न निघतात. कर भरून हातात उरतेच काय, मग जास्तीचे काम कशाला घ्यायचे? आणि साठीपर्यंत थांबायचे, की आधीच स्वेच्छानिवृत्ती घ्यायची? आज या दोन प्रश्नांचा हिशोब मांडतो.

कर वाढला की माणूस काम कमी करतो, असे काहीजण म्हणतात. दुसरे म्हणतात, घरखर्च तर तेवढाच आहे, मग तो भागवायला जास्तच राबावे लागते. दोघांचेही खरे आहे, कारण एकच कर माणसाला दोन उलट दिशांना ओढतो. करामुळे आपण थोडे गरीब होतो, आणि गरीब झालेला माणूस आराम कमी करतो. हा उत्पन्न परिणाम. त्याच वेळी पुढच्या तासाचा मोबदला घटतो, म्हणजे घरी बसणे स्वस्त होते. हा पर्यायता परिणाम. तो कामापासून दूर नेतो.

दोन्ही वेगळे करून पाहायचे तर आपला व्यवसाय कर घ्या. घटनेनेच त्याला वर्षाला 2,500 रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. ही कमाल रक्कम भरणाऱ्याने आणखी तासभर काम केले तरी हा कर एक पैसाही वाढत नाही. त्यामुळे पुढच्या तासाचा मोबदला तसाच राहतो, फक्त खिसा तेवढा हलका होतो. हा निव्वळ उत्पन्न परिणाम. उलट, आइसलँडमध्ये 1987 साली काय झाले पाहा. तिथे आदल्या वर्षीच्या कमाईवर यंदा कर भरायची पद्धत होती. 1988 पासून पगारातूनच कर कापायचे ठरले, आणि त्यामुळे 1987 ची कमाई करातून सुटली. आयुष्याच्या मानाने एक वर्ष म्हणजे थोडेच, त्याने कुणी श्रीमंत होत नाही. पण त्या वर्षातला प्रत्येक तास महाग झाला होता, आणि लोकांनी त्या वर्षी जास्त काम केले.

यातून एक साधा नियम निघतो. एकूण कर किती भरला, त्यावरून उत्पन्न परिणाम ठरतो. पुढच्या रुपयावर किती कर लागणार, त्यावरून पर्यायता परिणाम ठरतो. आपण नेहमी पहिलाच आकडा पाहतो. दुसरा कसा चकवतो, ते एका उदाहरणाने सांगतो.

समजा, एक निवृत्त काका आहेत. दर 2025-26 या आर्थिक वर्षाचे, नवीन करप्रणालीचे धरू. त्यांचे वर्षाचे पेन्शन 11 लाख 75 हजार. त्यातून 75 हजारांची प्रमाणित वजावट गेली की 11 लाख उरतात. गणिताच्या शिकवणीतून खर्च वजा जाता एक लाख मिळतात. करपात्र उत्पन्न बरोबर 12 लाख झाले. हिशोबाने कर 60 हजार होतो, पण तितकीच सूट मिळते आणि कर शून्यावर येतो.

आता दहावीची आणखी एक बॅच आली, साठ हजारांची. उत्पन्न 12 लाख 60 हजार झाले आणि सूट गेली. दराप्रमाणे कर 69 हजार होतो. मात्र, 12 लाखांच्या वर जितकी कमाई झाली त्यापेक्षा कर जास्त घ्यायचा नाही, अशी तरतूद आहे. म्हणून तो 60 हजारांवर थांबतो. त्यावर चार टक्के उपकर 2,400 रुपये. म्हणजे काकांनी वर्षभर पोरांना प्रमेये शिकवून साठ हजार मिळवले आणि 62,400 रुपये भरले!

इथे काका आधीपेक्षा फारसे गरीब झालेले नाहीत, त्यामुळे उत्पन्न परिणाम जवळजवळ नाही. शिल्लक राहिला तो फक्त पर्यायता परिणाम, आणि तो सांगतो की बॅच घेऊ नका. 12 लाखांच्या वर सुमारे 74 हजार मिळेपर्यंत हातात काहीच जास्तीचे उरत नाही. पण काकांनी दीड लाखाचे काम घेतले, तर कर 85,800 होतो आणि 64,200 उरतात. म्हणून या टप्प्यावर एक तर थांबावे, नाही तर बरेच पुढे जावे. मधे अडकू नये.

आता स्वेच्छानिवृत्ती. इथे एका तासाचा प्रश्न नसतो, कारण कार्यालय अर्धा दिवस काम करू देत नाही. नोकरी करायची किंवा सोडायची. तेव्हा पुढचा रुपया पाहून भागत नाही, अख्ख्या वर्षाची तुलना करावी लागते.

1 जानेवारी 2004 पूर्वी लागलेला केंद्र सरकारचा कर्मचारी घ्या. वीस वर्षे सेवा झाली की तो तीन महिन्यांची नोटीस देऊन निवृत्त होऊ शकतो, आणि पेन्शन शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मे असते. महागाई सवलतही त्याच दराने मिळते. समजा वय 57, मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून वर्षाला 18 लाख. वजावटीनंतर 17 लाख 25 हजारांवर उपकरासह कर 1,50,800 रुपये. हातात 16,49,200. घरी बसला तर पेन्शन 9 लाख, त्यावर कर शून्य. म्हणजे वर्षभर ऑफिसात जाण्याचा मोबदला 18 लाख नव्हेच, तो 7,49,200 आहे. पगाराच्या रुपयातले 42 पैसे! दीड लाखाचा आयकर आपल्याला दिसतो. नोकरीत राहून सोडलेले नऊ लाखांचे पेन्शन मात्र दिसत नाही, आणि खरा मोठा कर तोच आहे.

इथे दोन्ही परिणाम एकाच दिशेने ओढतात. मोबदला घटला म्हणून पर्यायता परिणाम घराकडे नेतो, आणि पेन्शनचा आधार आहे म्हणून उत्पन्न परिणामही घराकडेच नेतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात लॉटरी जिंकणाऱ्यांचा अभ्यास झाला. वर्षाला मिळणाऱ्या बक्षिसाच्या दर शंभर डॉलरमागे त्यांची कमाई सुमारे 11 डॉलरने घटली, आणि 55 ते 65 वयाच्या लोकांत ही घट बरीच जास्त होती. या वयात न कमावता मिळालेला पैसा माणसाला लवकर घरी आणतो.

माझ्या हिशोबात काही गोष्टी धरलेल्या नाहीत. आणखी एक वर्ष काढले तर तीन टक्क्यांची वेतनवाढ मिळते, तिचा निम्मा भाग पुढे आयुष्यभर पेन्शनमध्ये येतो. ग्रॅच्युइटीही वाढू शकते. घरभाडे भत्ता बंद होतो. एनपीएसमध्ये असणाऱ्यांना तर हे गणित लागूच नाही. त्यांचे पेन्शन जमलेल्या रकमेवर असते आणि नोकरीचे प्रत्येक वर्ष त्यात भर घालते. शिवाय तब्येत, मुलांची लग्ने, घराचे कर्ज हे कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

म्हणून निर्णय घेण्यापूर्वी तीन आकडे कागदावर लिहा. नोकरीत राहिलो तर करानंतर हातात काय येईल, आज निवृत्त झालो तर करानंतर काय येईल, आणि एक वर्ष थांबल्याने पुढच्या पेन्शनमध्ये किती भर पडेल. पहिल्यातून दुसरा वजा करा, तिसरा वेगळा ठेवा. जो उरतो तो तुमचा खरा पगार. तेवढ्यासाठी रोज डबा घेऊन निघायचे का, हे मग घरच्यांबरोबर बसून ठरवा.