खिचडी किती वाजता आली?

श्रोतेहो, शाळेतल्या खिचडीचा विषय निघाला की डाळ पातळ होती का, खडे निघाले का, हेच आपण विचारतो. विचारायलाच हवं. पण त्याच्या जोडीला आणखी एक विचारा : खिचडी शाळेत किती वाजता आली?

१९९५ साली शाळेतल्या पोषण आहाराची योजना सुरू झाली तेव्हा हजेरी ऐंशी टक्के भरली की मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळत. ते घरी जात आणि घरातल्या सगळ्यांच्या ताटांत वाटले जात. मूल वर्गात उपाशीच. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलंच अन्न द्या म्हणून बजावलं. मध्य प्रदेशात धान्याऐवजी जेवण मिळू लागल्यावर पहिलीतल्या मुलींची हजेरी दहा टक्क्यांहून अधिक वाढल्याचं अर्थशास्त्रज्ञ फरझाना आफ्रिदी यांच्या अभ्यासात दिसलं.

पण हजेरी म्हणजे स्टोव्ह ओट्यावर आला, एवढंच. टाकीत रॉकेल नसेल तर बाईंनी कितीही पंप मारावा, तो पेटणार नाही. आणि रॉकेल स्वयंपाकाची वेळ टळल्यावर आलं, तर त्याचा काय उपयोग?

मुंबईत अन्न बहुधा शाळेत शिजत नाही. दुसरीकडे शिजतं, डबे टेम्पोने येतात. जुलैत हिंदमाताला पाणी तुंबलं की टेम्पो अडकतो. सकाळी चहा-बटरवर आलेलं पोर तोवर काय करतं? बेरीज फळ्यावरून नीट उतरवतं, पण हातचा विसरतं. धडा वाचताना तीच ओळ पुन्हा वाचतं. आपण म्हणतो, लक्ष नाही! अहो, रागावू नका, पोटात काय आहे ते आधी विचारा. शाळा सुटताना खिचडी वाढली तरी कागदावर प्राथमिकच्या मुलाचे ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं भरतात. गणिताचा तास मात्र गेलेला असतो. म्हणून पुन्हा सांगते, वेळ विचारा.

या जेवणाचा अभ्यासावरचा परिणाम एका सहामाहीत दिसत नाही. देशभरातल्या मुलांची आकडेवारी तपासलेल्या एका अभ्यासात, पाच वर्षांपर्यंत हे जेवण मिळालेली मुलं वर्षभरही न मिळालेल्यांपेक्षा वाचनात १८ टक्के आणि गणितात ९ टक्के पुढे होती. गणितात निम्मंच का, यावर बरंच बोलता येईल, पण माझी मिनिटं संपत आली.

वाढण्याआधी शिक्षक अन्न चाखतात आणि चव नोंदवहीत लिहितात. पालकहो, शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत ती वही मागा. चवीशेजारी एक रकाना आखायला सांगा : डबे किती वाजता आले, मुलं किती वाजता जेवली. महिन्याभराने तो स्वतः वाचा, आणि उशिराचे दिवस मोजून वॉर्डातल्या शिक्षण अधिकाऱ्यांकडे लेखी द्या.