घरभाडेभत्त्याचे गणित

घरभाडेभत्ता सगळाच करमुक्त, असे आपण समजतो. नव्या करपद्धतीत ही सूट नाहीच. जुन्या पद्धतीतही ती मोजूनमापून मिळते. आपण मुंबईतील एका भाडेकरू गृहस्थांचा महिन्याचा हिशेब मांडू. मूळ पगार ४०,००० रुपये, निवृत्तीच्या हिशेबात धरला जाणारा महागाईभत्ता १०,०००, घरभाडेभत्ता २०,००० आणि भाडे १८,०००.

मिळालेला भत्ता २०,०००. पगाराचा निम्मा भाग २५,०००. भाड्यातून पगाराचा दशांश वजा जाता १३,०००. तिहींत लहान १३,०००. तेवढेच सुटले, ७,००० करपात्र.

आपण चुकतो ते ‘पगार’ या शब्दापाशी. हा महागाईभत्ता त्यात धरायचा विसरलो, की उत्तर १४,००० येते आणि हजाराची सूट उगाच पदरात पडते! प्रवासभत्ता वगैरे मात्र त्यात मिळवायचे नाहीत. वर्षामध्येच भाडे वाढले, तर आधीच्या व नंतरच्या महिन्यांचे हिशेब निराळे मांडावेत.