ध्यानाने मेंदू बदलतो, की…?

विरार फास्टच्या दारात दहा वर्षं उभे राहणारे दणकट असतात. गाडीने त्यांना दणकट केलं, की ज्यांना झेपलं नाही त्यांनी गाडीच सोडली? नुसता आजचा डबा बघून हे कळत नाही.

सारा लाझर यांच्या २००५ च्या अभ्यासात हीच अडचण आहे. वर्षानुवर्षं ध्यान करणारे २० जण, न करणारे १५, आणि स्कॅन एकदाच. लक्ष देण्याशी जोडलेले काही भाग ध्यानवाल्यांमध्ये जाड दिसले. पण हा फरक ध्यानाआधीचाही असू शकतो ना!

त्यावर उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे, आधी आणि नंतर स्कॅन करायचे. २०२२ मध्ये छापलेल्या अशा अभ्यासात आठ आठवड्यांच्या ध्यानवर्गामुळे मेंदूच्या रचनेत बदल दिसला नाही. मात्र आठ आठवडे म्हणजे दहा वर्षं नव्हेत. म्हणून दहा वर्षांचा प्रश्न अजून सुटलेला नाही.