नमुना मंजूर झाला, म्हणजे नेमकं काय मंजूर झालं?

आजचं बोलणं आहे शिलाईची ऑर्डर घेणाऱ्या बायांसाठी, मग ती गटानं घेतलेली असो की घरच्या मशीनवर एकटीनं. शाळेच्या गणवेशाचं उदाहरण घेऊ, कारण लोहा तालुक्यात गावोगावी हे काम निघतं.

२०२४-२५ साली राज्य सरकारनं गणवेशाचं कापड एकत्र घेतलं आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत, म्हणजे माविममार्फत, बचत गटांकडे दिली. बऱ्याच ठिकाणी गणवेश उशिरा पोचले, मापाच्या तक्रारी आल्या. २०२५-२६ पासून गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे गेला. म्हणजे आता आपलं गिऱ्हाईक आपल्याच गावात आहे. मुख्याध्यापक ओळखीचे, समितीतले पालक ओळखीचे. इथंच घोळ होतो. आपण एक शर्ट शिवून नेतो, सर म्हणतात, "छान झालाय ताई, लागा कामाला." आपण १२० शर्ट कापतो. वाटपाच्या दिवशी एक पालक म्हणतो बाह्या आखूड, दुसरा म्हणतो ढगळ. मग "छान" या शब्दाचा काही उपयोग होत नाही, कारण काय छान होतं ते कुणीच लिहून घेतलेलं नसतं.

माळेगावच्या यात्रेत बैल घेणारा माणूस पाहा. तो नुसता "बैल छान" म्हणून पैसे मोजत नाही. दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. काय बघायचं हे त्याचं आधीच ठरलेलं असतं. आपल्यालाही नमुना शिवण्याआधी गिऱ्हाइकाबरोबर बसून हेच ठरवायचंय.

एका कागदावर चार-पाच मुद्दे लिहा आणि प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहा: ते कसं मोजायचं आणि कितीपर्यंत फरक चालेल. छाती घ्या. सर म्हणतात "छाती २६". ही मुलाच्या अंगाची की शर्टाची? अंगाची २६ असेल तर शर्ट ३० इंचाचा लागतो, कारण हालचालीला आणि वर्षभराच्या वाढीला जागा हवी. म्हणून लिहा: "शर्टाची छाती ३० इंच. बटणं लावून शर्ट सपाट पसरायचा, काखेखाली आडवं मोजायचं, त्याची दुप्पट. अर्धा इंच कमी-जास्त चालेल." बाहीला पाव इंच फरक धरा. शिलाईसाठी लिहा, "एका इंचात १० ते १२ टाके, बाजूच्या शिवणीत अर्धा इंच माया, पँटच्या पायाला दीड इंच दुमड." दुमड कशासाठी, हेही सांगा, म्हणजे पुढच्या वर्षी पँट वाढवता येते. कापडासाठी साधी परीक्षा लिहा: २० इंचांचा चौकोन पेनानं आखायचा, धुवायचा, वाळवून पुन्हा मोजायचा. २० चे साडेएकोणीस झाले, तर २० इंचांचा शर्टही धुतल्यावर अर्धा इंच आखूड होणार. मग कापड आधी भिजवायचं की लांबी वाढवून कापायची, हे तेव्हाच ठरवता येतं.

आता नमुना. तो एकाच मापाचा नेऊ नका. लहान, मधला आणि मोठा असे तीन शिवा आणि शाळेत त्या-त्या मापाच्या मुलांना घालून दाखवा. हँगरवरचा शर्ट सगळ्यांनाच छान दिसतो. मोबाईलवर फोटो पाठवून मंजुरी मागू नका. फोटोत रंग बदलतो आणि माप तर दिसतच नाही.

अभिप्राय मागताना "कसा वाटला?" असं विचारलं की उत्तर "बरा आहे" एवढंच येतं. म्हणून यादीतला एकेक मुद्दा वाचा आणि विचारा, "हा ठीक आहे की बदल हवा? बदल असेल तर कुठं आणि किती?"

समजा, मधल्या मापाचा शर्ट घातलेल्या मुलाकडे बघून बाई म्हणाल्या, "ढगळ दिसतोय." लगेच "छाती कमी करते" म्हणू नका. आधी काखेखाली दोन्ही बाजूंचं कापड टाचणीनं चिमटा आणि मुलाला हात वर करायला सांगा. शर्ट ओढला जातोय, म्हणजे छाती बरोबर होती. मग खांद्याची शिवण बघा. ती खांद्याच्या हाडाखाली पाऊण इंच उतरली असेल, तर ढगळपणा तिथून आलाय. शर्टाचा खांदा साडेतेरा होता, तो १२ करायचा, दोन्हीकडून पाऊण-पाऊण इंच कमी. पण खांदा आत घेतला की बाहीसुद्धा तेवढीच वर जाते. बाही ७ इंच होती आणि कोपराजवळ बरोबर येत होती, तर ती आता पावणेआठ लागेल. हे तिथंच सांगा आणि कागदावर लिहा: "ढगळ: खांदा साडेतेराऐवजी १२, बाही सातऐवजी पावणेआठ, छाती तीच." एका शब्दाची अशी तीन मापं झाली, की दुरुस्त नमुना पुन्हा त्याच मुलाला घालून तपासता येतो.

शेवटी निकाल तीनपैकी एकच लिहून घ्या: मंजूर, दिलेल्या दुरुस्त्या करून मंजूर, किंवा नामंजूर, नवा नमुना. सही कुणाची, हे पहिल्याच दिवशी ठरवा. समितीत पाचजण बोलतील, पण सही एकाचीच, आणि ज्यांना बोलायचंय त्यांनी सहीआधी बोलायचं. उत्तराची तारीखही लिहा. ती तारीख उलटली आणि उत्तर आलं नाही, तर ती मंजुरी समजू नका. फोन करा, शाळेत जा, पण सही झाल्याशिवाय कात्री लावू नका. आणि एक ओळ घाला: "कापड कापल्यानंतर बदल सांगितल्यास त्याची मजुरी वेगळी." ही ओळ आधी वाचून दाखवली तर कुणाला राग येत नाही. नंतर सांगितली तर भांडण होतं.

मंजूर नमुना दोन नगांत ठेवा, एक शाळेकडे, एक आपल्याकडे. दोन्हींना कापडाची चिठ्ठी शिवा, तिच्यावर तारीख आणि सही. वाटपाच्या दिवशी वाद झाला तर ढिगातला शर्ट या नमुन्याशेजारी पसरून टेप लावायची. मापाच्या आत असेल तर तो स्वीकारायचा, बाहेर असेल तर आपण फुकट दुरुस्त करून द्यायचा. हे दोघांनाही लागू.

मात्र या सहीला मर्यादा आहे. नमुन्यात जे होतं तेवढंच मंजूर झालं. नमुना एका ठाणाचा आणि बाकीचे शर्ट दुसऱ्या ठाणाचे असतील, तर रंग आणि आटणं दोन्ही बदलू शकतं. अशा वेळी नव्या कापडाचा तुकडा धुऊन, जुन्या नमुन्याजवळ उन्हात धरून, पुन्हा सही घ्या. मुलांची मापं शाळेनं दिली असतील, तर तेही कागदावर लिहा. चुकीच्या मापानं बरोबर शिवलेला शर्ट ही आपली चूक नाही, पण ते दाखवायला कागद लागतो.

तेव्हा पुढची ऑर्डर आली की मशीनला तेल घालायच्या आधी वहीचं एक पान आखा. मुद्दा, कसा मोजायचा, किती फरक चालेल, काय दिसलं आणि निर्णय, असे पाच रकाने. खाली तारीख आणि सही.